रात्री लोड कमी, तरी ट्रान्सफॉर्मर का घुमतो?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात डीपी आहे. दिवसा तिचा आवाज जाणवत नाही, रात्री अकरानंतर मात्र बेडरूमपर्यंत घूंऽऽ ऐकू येतं. रात्री तर लोड कमी असतो ना? वायरमन म्हणाला, "व्होल्टेज चढतं म्हणून." इंटरनेटवर मॅग्नेटोस्ट्रिक्शन असा शब्द सापडला. हा नेमका काय प्रकार आहे, आणि व्होल्टेजचा त्याच्याशी संबंध काय?

उत्तर:

वायरमन बरोबर बोलला. रात्री भोवतालची शांतता वाढते म्हणून आवाज जास्त जाणवतो हेही खरं, पण तेवढंच कारण नाही. रात्री तो आवाज खरोखर मोठा होऊ शकतो, आणि तो लोड कमी होऊन व्होल्टेज चढल्यामुळेच होतो. ट्रान्सफॉर्मर तपासण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यात सर्वांत जास्त गैरसमज मला याच एका गोष्टीबद्दल दिसले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत दोन मुख्य गोष्टी असतात. एक तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वेढ्यांची वाइंडिंग आणि दुसरी लोखंडी पत्र्यांची कोअर. वाइंडिंगमधला करंट तुम्ही किती वीज वापरता त्यावर ठरतो. कोअरमधलं चुंबकत्व मात्र तुमच्या वापराला जवळजवळ विचारतच नाही, ते ठरतं व्होल्टेजवर. एचटी, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या बाजूला जेवढं व्होल्टेज लावलं जातं, साधारण तेवढंच उलटं व्होल्टेज वाइंडिंगमध्ये तयार व्हावं लागतं, नाहीतर करंट बेसुमार वाढेल. ते तयार करण्याचं काम कोअरमधलं वर-खाली होणारं फ्लक्स, म्हणजे चुंबकी प्रवाह, करतं. हिशेब असा:

```
V = 4.44 × f × N × B × A
```

इथे f म्हणजे फ्रीक्वेन्सी, N म्हणजे वेढे, A म्हणजे कोअरचं क्षेत्रफळ आणि B म्हणजे फ्लक्स डेन्सिटीची शिखर किंमत, टेस्लामध्ये. क्षेत्रफळ कारखान्यात ठरलेलं असतं. आपल्या ग्रिडची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपासच राहते. मग उरलं काय? व्होल्टेज दहा टक्के चढलं की B दहा टक्के चढतं. वेढ्यांची गोष्ट पुढे येईल, कारण खरी गंमत तिथेच आहे.

आता आवाजाकडे येऊ. कोअरमध्ये कुठला मोठा भाग हलत नाही, मग घुमतं काय? पत्रेच घुमतात. लोखंड चुंबकित झालं की त्याची लांबी किंचित बदलते, याला मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणतात. जेम्स जूलने १८४२ मध्ये लोखंडाच्या कांबीवर ते दाखवलं होतं. ऊर्जेच्या एककाला ज्याचं नाव आहे तोच हा जूल. बदल केवढा? ट्रान्सफॉर्मरला वापरतात त्या सीआरजीओ, म्हणजे स्फटिक एका दिशेला लावलेल्या पत्र्यात, नेहमीच्या फ्लक्सला, दहा लाखांत एखादा भाग. अर्धा मीटर उंचीचा लिम्ब, म्हणजे कोअरचा उभा खांब, धरला तर अर्धा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. पण शेकडो किलोंचा सगळा गठ्ठा एकाच तालात तेवढा ताणला-आखडला जातो. ती थरथर तेलातून आणि कोअरच्या पायांतून टाकीच्या पत्र्यांना मिळते, आणि टाकीच्या रुंद भिंती स्पीकरच्या पडद्यासारख्या हवा ढकलतात.

लांबी बदलण्यामागचं कारण समजायला काडेपेटी घ्या. लोखंडाच्या स्फटिकात छोटे छोटे चुंबकित भाग असतात, त्यांना डोमेन म्हणतात. ज्या दिशेला डोमेन चुंबकित असतं, त्या दिशेला स्फटिक अगदी किंचित लांब असतो. काडेपेटी उभी धरा. काड्यांचे गुल वर असोत की खाली, काड्यांची उंची तीच राहते. पण त्यांतल्या काही काड्या आडव्या पडल्या असतील आणि तुम्ही त्या उभ्या केल्यात, तर गठ्ठ्याची उंची बदलते. चांगल्या सीआरजीओ पत्र्यात जवळजवळ सगळी डोमेन पत्र्याच्या लांबीतच असतात, अर्धी वर बघणारी, अर्धी खाली बघणारी. फ्लक्स उलटसुलट होताना ती फक्त दिशा पालटतात, लांबी बदलत नाही. आवाज करतात त्या अधूनमधून राहिलेल्या आडव्या काड्या. १९३४ मध्ये नॉर्मन गॉस या अमेरिकन धातुतज्ज्ञाच्या नावे पेटंट झालेल्या पद्धतीमुळे स्फटिक एका दिशेला लावलेला पत्रा बनवता येऊ लागला. तो मुख्यतः लॉस, म्हणजे कोअरमध्ये वाया जाणारी वीज, कमी म्हणून नावाजला गेला, पण ट्रान्सफॉर्मर शांत होण्यालाही त्याचा मोठा हातभार आहे.

काडीचा गुल वर की खाली याने फरक पडत नाही, हा मुद्दा लक्षात ठेवा. फ्लक्स एका सायकलमध्ये एकदा वर आणि एकदा खाली शिखर गाठतं, आणि दोन्ही वेळा लांबी त्याच बाजूला बदलते. म्हणून ५० हर्ट्झच्या विजेवर पत्रे सेकंदाला १०० वेळा हलतात. आपल्याकडच्या ट्रान्सफॉर्मरचा मूळ सूर १०० हर्ट्झ, अमेरिकेत ६० हर्ट्झची वीज असल्यामुळे १२०. पेटी वाजवणाऱ्यांसाठी सांगायचं तर आपला ट्रान्सफॉर्मर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर लागतो.

आता तुमचा खरा प्रश्न: व्होल्टेज चढल्यावर आवाज एवढा का वाढतो?

लांबीतला बदल फ्लक्सच्या सरळ प्रमाणात नसतो. ढोबळमानाने वर्गाच्या प्रमाणात धरतात, पण चांगल्या पत्र्यात साधारण दीड टेस्लापर्यंत तो अगदी थोडा राहतो आणि १.७ च्या पुढे आलेख झपाट्याने वाकतो. सीआरजीओ पत्रा दोन टेस्लाच्या थोडं पुढे संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि डिझाइन करणारे आपल्याला १.५५ ते १.७ च्या दरम्यान चालवायला देतात. म्हणजे ट्रान्सफॉर्मर मुळातच त्या वाकणाच्या तोंडाशी उभा असतो. तिथून दहा टक्के ढकललं की तो वाकणावर चढतो. डिझाइनमध्ये एक अंदाजी सूत्र वापरतात, ज्यात ध्वनीची शक्ती B च्या आठव्या घातात वाढते. त्या हिशेबाने दहा टक्के जादा व्होल्टेजला ३.३ डेसिबल जादा आवाज, म्हणजे ध्वनीची शक्ती दुपटीहून थोडी जास्त.

पण ३.३ डेसिबल ऐकायला फार नसतात. मग झोप का उडते? कारण आवाजाचा पोतही बदलतो. आलेख वाकला की पत्र्याची हालचाल साध्या लाटेसारखी राहत नाही, तिला कोपरे येतात, आणि १०० च्या जोडीला २००, ३००, ४००, ५०० हर्ट्झचे सूर जोरात येऊ लागतात. १०० हर्ट्झला आपला कान बराच बहिरा असतो. ध्वनिमापकात कानासारखं ऐकण्यासाठी जी 'ए' दुरुस्ती लावतात, ती १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वजा करते, २०० ला ११, आणि ४०० ला फक्त ५. म्हणजे वरच्या सुरात गेलेली थोडीशी ऊर्जासुद्धा कानाला पुष्कळ वाटते. १०० ला षड्ज धरा, २०० वर वरचा षड्ज, ३०० वर पंचम, ५०० वर गंधार. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार असतो ना, तोच. फरक एवढाच, की इथे तो रात्री दोनला नको असताना ऐकू येतो. व्होल्टेज चढलेल्या ट्रान्सफॉर्मरला लोक "मोठा झालाय" असं क्वचित म्हणतात. "कर्कश झालाय" म्हणतात, आणि ते अगदी अचूक वर्णन आहे.

एक प्रत्यक्ष किस्सा सांगतो. पुण्याजवळच्या एका कारखान्यात ६३० केव्हीए, ११ केव्ही / ४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर होता. रात्रपाळी बंद झाल्यापासून कुंपणापलीकडच्या चाळीतून तक्रारी सुरू झाल्या. कारखान्याने एका ठेकेदाराला बोलावलं. त्याने चाकांखाली रबरी पॅड घातले आणि बाहेरचे दिसतील ते बोल्ट आवळले. आवाज तसाच राहिला. मग त्याने "कोअर ढिली झाली आहे, उघडावी लागेल" म्हणून मोठं अंदाजपत्रक दिलं. तेव्हा मला बोलावणं आलं.

मी रात्री साडेबाराला गेलो. मीटरिंग पॅनेलवर एचटी व्होल्टेज ११.४ केव्ही. हे काही गैर नव्हतं, कमी लोडला फीडरवर, म्हणजे सबस्टेशनहून येणाऱ्या लाइनवर, एवढं चढतंच. दिवसा सगळे कारखाने करंट ओढतात तेव्हा लाइनमध्येच व्होल्टेज पडतं, रात्री ती पड नसते, आणि कुणी कपॅसिटर चालू ठेवून गेलं असेल तर उलट वर ढकललं जातं. पण एलटी, म्हणजे कमी व्होल्टेजच्या बाजूच्या पॅनेलवर फेज-टू-फेज ४७२ व्होल्ट होते. म्हणजे फेज-न्यूट्रल २७३! इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब, एलईडी दिवे महिन्याला डझनभर जातात, आम्हाला वाटलं माल हलका आहे."

वाइंडिंगचे किती वेढे वापरात घ्यायचे ते ठरवणाऱ्या टॅप स्विचचं हँडल पाचव्या पोझिशनवर होतं. या ट्रान्सफॉर्मरच्या एचटी वाइंडिंगला पाच टॅप होते: ११५५०, ११२७५, ११०००, १०७२५ आणि १०४५० व्होल्ट. काही वर्षांपूर्वी या भागात व्होल्टेज फार पडायचं, तेव्हा कुणीतरी पाचवर नेऊन ठेवलं होतं. नंतर जवळ नवीन सबस्टेशन झालं, व्होल्टेज सुधारलं, पण टॅपची आठवण कुणालाच राहिली नाही.

आता वेढ्यांची गोष्ट. अनेकांना वाटतं की टॅप बदलल्याने फक्त एलटीचं व्होल्टेज बदलतं, कोअरला त्याचं काय? पण टॅप एचटी बाजूला असतात. पाचव्या टॅपवर एचटीचे वेढे कमी होतात. वेढे कमी आणि व्होल्टेज तेवढंच, म्हणजे प्रत्येक वेढ्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट, म्हणजे कोअरमध्ये जास्त फ्लक्स. १०४५० च्या टॅपवर ११४०० व्होल्ट लावणं म्हणजे ९.१ टक्के जादा. टेस्ट सर्टिफिकेटसोबतच्या डेटा शीटमध्ये रेटेड फ्लक्स डेन्सिटी १.६ टेस्ला होती. १.६ गुणिले १.०९१ म्हणजे १.७४५ टेस्ला. एलटीचाही हिशेब जुळतो: ४३३ गुणिले १.०९१ म्हणजे ४७२. दोन्ही आकडे एकाच कारणाची साक्ष देतात, म्हणून मला कोअरवर संशय घेण्याचं कारणच उरलं नाही.

मी फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं साधं ॲप लावून कुंपणाशी रेकॉर्डिंग घेतलं. १०० चं शिखर होतंच, पण ३०० आणि ४०० ची शिखरं त्याच्या बरोबरीला आली होती.

दुसऱ्या रविवारी परमिट घेतलं. दोन्ही बाजूंचा सप्लाय बंद, एचटी-एलटी अर्थ केल्या, मग हँडलचं कुलूप काढलं. हा ऑफ-सर्किट स्विच आहे, चालू ट्रान्सफॉर्मरवर फिरवला तर कॉन्टॅक्टमध्ये आर्क होऊन आतला भाग जळतो, म्हणून एवढा खटाटोप. वर्षानुवर्षं एकाच जागी असलेल्या स्विचच्या इतर कॉन्टॅक्टवर तेलाचा थर बसतो. तो घासला जावा म्हणून पहिल्या ते पाचव्या पोझिशनपर्यंत चार-पाच वेळा फिरवला आणि दुसऱ्या पोझिशनवर, म्हणजे ११२७५ वर, लॉक केला. तिन्ही फेजचा वाइंडिंग रेझिस्टन्स आणि रेशो तपासून मग चार्ज केला. हा तपास टाळणारे बरेच आहेत. एखाद्या फेजचा कॉन्टॅक्ट अर्धवट बसला, तर त्या दिवशी काही कळत नाही, काही महिन्यांनी तो कॉन्टॅक्ट तापून तेल काळं होतं.

त्या रात्री एचटी पुन्हा ११.४ च होतं. एलटी ४३८ व्होल्ट. कोअर १.६२ टेस्लावर. ३०० आणि ४०० ची शिखरं खाली बसली, १०० चं थोडंच कमी झालं. कुंपणाशी 'ए' दुरुस्तीसह मोजलेला आवाज साधारण पाच डेसिबलने उतरला. आठव्या घाताच्या सूत्राने जेमतेम अडीच-तीन अपेक्षित होते, बाकीचं वरचे सूर बसल्यामुळे. दिवसा लोडवर फीडर १०.८ केव्हीपर्यंत उतरला तेव्हा एलटीला ४०५ च्या आसपास मिळत होते, मोटारींना काही त्रास नव्हता. दिव्यांचा खर्चही थांबला. कोअर उघडावी लागली नाही.

त्या ठेकेदाराचे रबरी पॅड वाया का गेले, हेही सांगतो. पॅड जमिनीत जाणारी थरथर अडवतात. ट्रान्सफॉर्मर तळघरात किंवा इमारतीच्या स्लॅबवर असेल तर त्यांचा खरोखर उपयोग होतो. उघड्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज टाकीच्या भिंतींवरून सरळ हवेत जातो, त्याला चाकांखालचं रबर काय अडवणार?

"कोअर ढिली" हे निदान मात्र नेहमीच खोटं नसतं. पत्र्यांच्या जोडांमध्ये बारीक फटी असतात, आणि तिथे पत्रे एकमेकांना खेचतात. ती ओढसुद्धा फ्लक्सच्या वर्गाने वाढते, म्हणजे तीही १०० हर्ट्झचीच. क्लॅम्प सैल असेल तर तिथे पत्रे वाजतात, पण तो आवाज गुळगुळीत घुमण्यापेक्षा खडखडीसारखा, तुटक येतो. आणि दुरुस्तीला गेलेल्या ट्रान्सफॉर्मरची आणखी एक व्यथा असते. सीआरजीओवर एक काचेसारखा लेप असतो. तो इन्सुलेशनसाठी असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो पत्र्याला सतत ताणूनही धरतो, आणि त्या ताणामुळे आडव्या काड्या कमी राहतात. पत्रा वाकला, हातोडीने ठोकला, लांबीत दाबला गेला, की आडव्या काड्या पुन्हा तयार होतात आणि मॅग्नेटोस्ट्रिक्शन कितीतरी वाढतं. रिवाइंडिंग करताना योकचे, म्हणजे कोअरच्या आडव्या भागाचे पत्रे घाईत काढून, ठोकून पुन्हा बसवलेला ट्रान्सफॉर्मर पूर्वीपेक्षा जास्त घुमतो तो यामुळे. तो नंतर कितीही बोल्ट आवळले तरी पूर्ववत होत नाही. वेडेवाकडे आवळले तर आणखी बिघडतो.

तुमच्या डीपीकडे परत येऊ. ती वीज कंपनीची असणार, तेव्हा कुंपणाच्या आत जायचं नाही आणि हात तर अजिबात लावायचा नाही. पण निदान घरातून करता येतं. घरच्या सॉकेटवर मल्टिमीटरने संध्याकाळी सात, रात्री बारा आणि पहाटे तीनला व्होल्टेज मोजा, चार-पाच दिवस. त्याच वेळी खिडकीशी फोन ठेवून मिनिटभर आवाज रेकॉर्ड करा. व्होल्टेज २५० च्या वर जात असेल आणि आवाजही त्याच वेळी कर्कश होत असेल, तर कारण जादा व्होल्टेज, आणि उपाय टॅप बदलण्याचा.

व्होल्टेज २३०-२४० च्या आसपासच असेल आणि आवाज संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी वाढत असेल, तर तो वाइंडिंगचा, लोडचा आवाज आहे. करंट वाहणाऱ्या तारा एकमेकींना ढकलतात-खेचतात, तोही १०० हर्ट्झचाच. ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोड आहे का, ते बघावं लागेल. तिसरी शक्यता थोडी दुर्मीळ. स्पेक्ट्रममध्ये १००, २०० च्या जोडीला ५०, १५०, २५० हर्ट्झची शिखरं दिसली, तर कुठूनतरी डीसी करंट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतोय. मग कोअर एका अर्ध्या सायकलला जास्त आणि दुसऱ्या अर्ध्याला कमी भरते. गुल वर आणि गुल खाली यांतला सारखेपणा मोडतो आणि विषम सूर उमटतात. बिघडलेला इन्व्हर्टर किंवा एका डायोडवर चालणारं जड उपकरण अशा वेळी शोधायचं असतं.

"एवढं व्होल्टेज चढल्याने डीपी फुटेल का?" हा प्रश्न पुढे येईलच. आपल्या डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मरचं मानक आयएस ११८० साडेबारा टक्के जादा व्होल्टेजलाही फ्लक्स १.९ टेस्लाच्या आत ठेवायला सांगतं. म्हणजे दहा टक्के वाढीने कोअर संपृक्त होत नाही. नो-लोड लॉस, म्हणजे लोड नसतानाही वाया जाणारी वीज, वाढतो, कोअर थोडी जास्त तापते. त्याआधी तुमच्या घरातले फ्रिज आणि दिवे बळी जातात. म्हणून अर्जात "आवाज येतो" एवढंच लिहू नका, त्या वाक्याला कचेरीत फारसं कुणी विचारत नाही. पाच दिवसांचे व्होल्टेजचे आकडे वेळांसकट लिहा. २५० च्या वरची रीडिंग कागदावर असली की टॅप बघायला लावणं सोपं जातं.

आणि तोपर्यंत पलंग सरकवून बघा, थट्टा नाही. १०० हर्ट्झची लहर साधारण ३.४ मीटर लांब असते, आपल्या बेडरूम जवळपास तेवढ्याच. भिंतींवरून परतून आलेल्या लहरींमुळे खोलीत काही जागी आवाज साचतो आणि काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. भिंतीला टेकून तो सर्वांत जास्त असतो, आणि बऱ्याच जणांची उशी नेमकी तिथेच असते. उशी भिंतीपासून पाऊण-एक मीटर दूर आणून बघा.